करंट रेशो १.९२, तरी तिसऱ्या महिन्यात खडखडाट: वित्तीय अहवालातली तरलता कशी वाचायची

कर्जाच्या अर्जांची छाननी करायला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी एक फाइल मोठ्या ऐटीत साहेबांसमोर ठेवली होती. चालू मालमत्ता चालू देण्यांच्या जवळजवळ दुप्पट, नफाही बरा. माझा शेरा होता, "तरलता उत्तम." साहेबांनी ताळेबंदाकडे पाहिलंसुद्धा नाही. मागची टिपांची पानं उघडली आणि विचारलं, "यातला कुठला पैसा कुठल्या तारखेला हातात येणार, ते काढलंयस का?"

काढलं नव्हतं. मी फक्त भागाकार केला होता.

या लेखात तो प्रश्न एका उदाहरणावर पायरीपायरीने सोडवायचा आहे. त्याआधी रोख रकमेला सगळ्यांत तरल मालमत्ता का म्हणतात, ते नीट कळायला हवं, कारण पुढची सगळी मोजमापं त्यावरच उभी आहेत.

रोख सगळ्यांत तरल का

तरलता म्हणजे एखादी मालमत्ता पैशात वटायला किती वेळ लागतो, वटवताना किमतीत किती तूट सोसावी लागते आणि ती रक्कम नक्की किती येणार हे आधी सांगता येतं का. तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. फक्त वेगाकडे पाहिलं की घोटाळा होतो. कुठलीही इमारत तीन दिवसांत विकता येते, निम्म्या किमतीला देण्याची तयारी असेल तर. म्हणून ती तरल ठरत नाही.

आता चालू मालमत्तेतल्या गोष्टी या कसोटीवर लावून पाहा. गोदामातल्या तयार मालाला पैसा होईपर्यंत दोन टप्पे पार करावे लागतात: आधी विक्री, मग वसुली. कच्चा माल त्याच्याही एक टप्पा मागे असतो. ग्राहकाकडच्या येण्याची विक्री झालेली असते, म्हणून तिथे वसुलीचा एकच टप्पा उरतो, पण तो टप्पा ग्राहकाच्या मर्जीवर आणि ऐपतीवर अवलंबून असतो. शेअर बाजारात नोंदलेले शेअर मिनिटभरात विकता येतात आणि अनेक बाजारांत दुसऱ्या दिवशी पैसेही मिळतात. मात्र किती मिळतील ते आज सांगता येत नाही, आणि मोठा गठ्ठा एकदम विकायला काढला तर आपल्याच विक्रीने भाव पडतो.

रोख रकमेला यातलं काहीच करावं लागत नाही. गिऱ्हाईक शोधायचं नाही, वाट पाहायची नाही, भाव ठरवायचा नाही. याचं खरं कारण देण्यांच्या बाजूला आहे. पुरवठादाराचं बिल, कामगारांचा पगार, कर, कर्जाचा हप्ता, ही सगळी देणी पैशाच्याच एककात लिहिलेली असतात आणि पैशानेच फिटतात. बाकी प्रत्येक मालमत्तेला देणं फेडण्याआधी पैसा व्हावं लागतं. पैसा आधीच पैसा असतो. तरलता मोजायची पट्टी घेतली तर रोख म्हणजे त्या पट्टीवरचं शून्य, आणि बाकी सगळ्यांची तरलता म्हणजे त्या शून्यापासूनचं अंतर. म्हणूनच तर परकीय चलनातली रोखसुद्धा किंचित कमी तरल ठरते: देणं ज्या चलनात आहे त्यात ती आधी बदलावी लागते आणि दर बदलू शकतो.

ताळेबंदात मालमत्ता मांडतानाही हाच क्रम दिसतो. काही देशांत रोख सर्वांत वर आणि खाली खाली इमारती, यंत्रं. काही देशांत नेमका उलट क्रम, आधी जमीन-यंत्रं आणि शेवटाकडे रोख. दिशा कुठलीही असली तरी अहवाल उघडल्यावर आधी ती ओळखून घ्या, म्हणजे कुठल्या टोकाकडे वाचत चाललो आहोत ते कळतं.

पायरी १: तीन भागाकार करा, पण त्यांच्यावर थांबू नका

उदाहरण म्हणून पाण्याचे पंप बनवणारी एक मध्यम कंपनी घेऊ. आकडे मी रचलेले आहेत आणि सगळे लाखांत आहेत. वर्षअखेरच्या ताळेबंदात चालू मालमत्ता अशी: रोख व बँक शिल्लक ९०, अल्पमुदतीच्या ठेवी ६०, ग्राहकांकडून येणी ३१०, मालाचा साठा ४२०, आगाऊ भरलेले खर्च व इतर ४०. एकूण ९२०. चालू देणी अशी: पुरवठादार २७०, बँकेचं अल्पमुदत कर्ज १२०, दीर्घ मुदतीच्या कर्जाचा या वर्षी द्यायचा भाग ४०, थकलेले कर व पगार ५०. एकूण ४८०.

करंट रेशो म्हणजे सगळी चालू मालमत्ता भागिले चालू देणी: ९२० ÷ ४८० = १.९२. क्विक रेशोत साठा आणि आगाऊ खर्च वगळतात: ४६० ÷ ४८० = ०.९६. कॅश रेशोत फक्त रोख आणि लगेच मोडता येणाऱ्या ठेवी धरतात: १५० ÷ ४८० = ०.३१.

एकाच कंपनीचे तीन चेहरे. पहिला आकडा धष्टपुष्ट, तिसरा बारीक. मधलं सगळं अंतर साठ्यात आणि उधारीत अडकलेलं आहे, एवढं या पायरीवर कळतं. त्यापुढे हे रेशो गप्प बसतात. "दोनच्या वर असेल तर चांगलं" असा जो ठोकताळा शिकवला जातो त्यावर माझा फारसा विश्वास नाही. रोखीने विकणारं आणि उधारीने खरेदी करणारं मोठं किराणा-दालन एकच्या खाली राहूनही निवांत चालतं, कारण विकलेल्या मालाचे पैसे पुरवठादाराला द्यायच्या आधीच त्याच्या गल्ल्यात पडलेले असतात. पंपांच्या कारखान्याला ती चैन नाही.

करंट रेशोची आणखी एक खोड सांगतो, कारण ती माहीत नसेल तर माणूस हमखास फसतो. समजा, वर्षअखेरीच्या आठवडाभर आधी या कंपनीकडे रोख १७० होती आणि पुरवठादारांचं देणं ३५०. म्हणजे चालू मालमत्ता १०००, चालू देणी ५६० आणि रेशो १.७९. मग कंपनीने ८० लाखांची बिलं फेडली. रोख ९० वर आली, देणी ४८० वर, आणि रेशो चढून १.९२ झाला. खिशातली रोख जवळजवळ निम्मी झाली आणि तरलतेचा आकडा सुधारला! रेशो एकच्या वर असला की दोन्ही बाजूंतून सारखी रक्कम वजा केल्यावर तो वाढतोच. हे साधं अंकगणित आहे. यात लबाडी असेलच असं नाही. पण दर वर्षी नेमकं अखेरच्या आठवड्यातच पुरवठादारांचं नशीब उघडत असेल तर मी पेन्सिलीने खूण करून ठेवतो.

पायरी २: रोखीच्या ओळीतली खरी रोख वेगळी काढा

ताळेबंदातल्या "रोख व बँक शिल्लक" या एका ओळीत निरनिराळ्या स्वभावाचे पैसे एकत्र बसवलेले असू शकतात. आंतरराष्ट्रीय लेखा मानक आयएएस ७ प्रमाणे रोख म्हणजे हातातली रक्कम आणि मागताक्षणी काढता येतील अशा बँक ठेवी. रोख समतुल्य म्हणजे अल्पमुदतीच्या, अतिशय तरल अशा गुंतवणुका, ज्यांची नक्की किती रक्कम मिळणार हे माहीत असतं आणि मूल्य बदलण्याचा धोका नगण्य असतो. यासाठी सर्वसाधारणपणे तीन महिन्यांची मर्यादा धरतात, आणि ती खरेदीच्या तारखेपासून मोजतात. एक वर्षाची ठेव संपायला दोन महिने उरलेत म्हणून ती रोख समतुल्य होत नाही. ही चूक अनुभवी लोकांकडूनही होते.

आता एक छोटी पण हुकमी तपासणी. ताळेबंदातली रोख आणि रोख प्रवाह पत्रकाच्या तळाशी असलेली अखेरची शिल्लक शेजारी शेजारी लिहा. आपल्या कंपनीत ताळेबंद ९० म्हणतो आणि पत्रक ५५. दोन्ही बरोबर असू शकतात, पण मधल्या ३५ चा हिशेब टिपांमध्ये सापडलाच पाहिजे. टीप उघडल्यावर दिसतं की ३५ लाख बँकेने दिलेल्या हमीपोटी मार्जिन म्हणून अडकलेले आहेत आणि नऊ महिने सुटणार नाहीत. (कधी कधी फरकाचं कारण ओव्हरड्राफ्ट असतं. मागताक्षणी फेडायचा आणि रोजच्या पैशांच्या व्यवस्थापनाचा भाग असलेला ओव्हरड्राफ्ट रोख प्रवाह पत्रकात रोखीतून वजा होऊ शकतो, ताळेबंदात मात्र तो देण्यांत दिसतो.)

उरलेल्या ५५ मधले १५ परदेशातल्या उपकंपनीच्या खात्यात आहेत आणि तिथल्या चलन-नियमांमुळे ते इकडे आणायला परवानगी लागते. ही रक्कम मानकाप्रमाणे रोखच आहे, पण समूहाला वापरता येत नाही. अशी मोठी रक्कम असेल तर ती उघड करून व्यवस्थापनाने त्यावर भाष्य केलं पाहिजे, असं आयएएस ७ सांगतं. ते वाक्य बहुधा टिपेच्या शेवटी, बारीक अक्षरांत असतं. तेव्हा मोकळी रोख ४० उरली. ठेवींचे ६० मात्र कामाचे निघतात: सहा महिन्यांच्या मुदतीमुळे त्या रोख समतुल्यांत बसत नाहीत, पण कुठेही तारण नाहीत आणि व्याजाचं थोडं नुकसान सोसलं तर दोन दिवसांत मोडता येतात. नाव रोख असलेला पैसा अडकलेला आणि नाव ठेव असलेला पैसा मोकळा, असा उलटा प्रकार इथे दिसतो. नावावर जाऊ नये.

रोख समतुल्य या शब्दालाही थोडं ठोकून पाहायला हवं. अमेरिकेतल्या रिझर्व्ह प्रायमरी फंड या मनी मार्केट फंडाचं युनिट म्हणजे एक डॉलर असं सगळे धरून चालायचे, आणि कंपन्या त्यात ठेवलेला पैसा रोखीसारखाच समजत. त्या फंडाकडे लेहमन ब्रदर्सचे ७८.५ कोटी डॉलरचे रोखे होते. लेहमन बुडाल्यावर दुसऱ्याच दिवशी, १६ सप्टेंबर २००८ ला, फंडाने युनिटचं मूल्य ९७ सेंट जाहीर केलं. तीन सेंटांची तूट एकवेळ सोसता आली असती. खरी अडचण झाली ती पैसे काढण्याचीच, कारण परतफेड गोठवली गेली आणि गुंतवणूकदारांना थांबावं लागलं. वेळ, तूट आणि अनिश्चितता, तिन्ही गोष्टी एका रात्रीत शून्याच्या जागी येऊन बसल्या. बँकेतल्या ठेवीलाही हाच नियम लागू पडतो. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बंद पडली तेव्हा रोकू या कंपनीची सुमारे ४८.७ कोटी डॉलर, म्हणजे तिच्या एकूण रोखीच्या साधारण पाव हिश्श्याइतकी रक्कम त्या एका बँकेत होती. सरकारने सगळ्या ठेवींना संरक्षण दिल्यामुळे ती वाचली. पण ते जाहीर होईपर्यंतचे दोन-तीन दिवस त्या रकमेला तरल कोण म्हणेल? म्हणून रोख किती, यानंतरचा माझा प्रश्न असतो, कुठे.

पायरी ३: येण्यांना वय विचारा

३१० लाख येणी ही एक रक्कम नाही. टिपांमध्ये तिचं वयानुसार कोष्टक असतं, बोलीत त्याला एजिंग म्हणतात. आपल्या कंपनीचं एजिंग असं: मुदत अजून भरलेली नाही अशी १५०, मुदत उलटून साठ दिवसांच्या आतली ७०, साठ ते एकशेऐंशी दिवसांची ५०, आणि त्याहून जुनी ४०.

पुढच्या नव्वद दिवसांत यातलं किती हातात येईल? इथे अंदाजाला पर्याय नाही, पण तो आधाराने करावा. मुदत न भरलेल्या १५० मधले मी १२० धरतो, कारण काही बिलांची मुदतच नव्वद दिवसांपलीकडची असते आणि काही ग्राहक उशीर करतातच. दुसऱ्या गटातले ५०, तिसऱ्यातले १५, आणि सहा महिन्यांहून जुन्यांतले शून्य. एकूण १८५. कंपनीने मागच्या वर्षी बुडीत येण्यांसाठी किती तरतूद केली होती आणि प्रत्यक्षात किती बुडाली, हे आकडे टिपांत असतील तर त्यांच्याशी आपला अंदाज ताडून पाहा.

एजिंग चांगलं दिसत असेल तरी सगळी येणी दोन-तीन ग्राहकांकडेच आहेत का, ते बघायला विसरू नका. एका ग्राहकाकडे १२० अडकले असतील तर तुमच्या कंपनीची तरलता म्हणजे त्या ग्राहकाची तरलता.

पायरी ४: साठ्याची वाट किती लांब आहे ते दिवसांत मोजा

या कंपनीची वर्षाची विक्री १५०० आणि विकलेल्या मालाचा खर्च १२६० धरू. साठा ४२० भागिले १२६० गुणिले ३६५ केलं की १२२ दिवस येतात. म्हणजे गोदामात आलेली वस्तू सरासरी चार महिने पडून असते. येणी ३१० भागिले १५०० गुणिले ३६५ म्हणजे ७५ दिवस. पुरवठादारांचे २७० भागिले १२६० गुणिले ३६५ म्हणजे ७८ दिवस. पहिले दोन मिळवून तिसरा वजा करा: १२२ + ७५ − ७८ = ११९. मालात घातलेला रुपया असो, डॉलर असो की येन, तो परत खिशात यायला १२२ + ७५ = १९७ दिवस, म्हणजे जवळपास साडेसहा महिने लागतात. पुरवठादार त्यातला निम्म्याहून कमी काळ सांभाळून घेतात आणि उरलेले ११९ दिवस कंपनीला स्वतःच्या किंवा बँकेच्या पैशावर काढावे लागतात.

आता ४२० पैकी नव्वद दिवसांत रोख किती? इथे नवशिका वाचक साठा विकला की पैसा आला असं धरतो. पण विक्रीनंतर वसुलीला ७५ दिवस लागतात. म्हणजे आजपासून पहिल्या पंधरा दिवसांत जे विकलं जाईल, तेवढ्याचाच पैसा नव्वदाव्या दिवसापर्यंत येणार. पंधरा दिवसांची विक्री १५०० ÷ ३६५ × १५, म्हणजे साधारण ६०. ताळेबंदातला सर्वांत मोठा आकडा ४२०, आणि त्यातून तीन महिन्यांत सुटणारी रोख ६०. करंट रेशोला बळ देणारा साठा हा असा आहे.

साठ्याची फोडही टिपांत असते: कच्चा माल १३०, अर्धवट तयार ११०, तयार १८०. तयार मालाचा हिस्सा दर वर्षी विक्रीपेक्षा वेगाने वाढत असेल तर माल हलत नाही, असा संशय धरावा. अर्धवट तयार माल तर जवळजवळ कुणीच विकत घेत नाही. अर्धा पंप कोण नेणार?

आगाऊ भरलेल्या खर्चांचे ४० यात धरायचेच नाहीत. विम्याचा वर्षभराचा हप्ता आधी भरला म्हणून तो मालमत्ता ठरतो, पण त्यातून कधी पैसा परत येत नाही. पुढचा खर्च तेवढा वाचतो.

पायरी ५: देणी तारखेनुसार लावा, आणि ताळेबंदात नसलेली देणीही लिहा

पुरवठादारांच्या २७० पैकी २३० नव्वद दिवसांत द्यावे लागतील असं धरू. थकलेले कर व पगार ५०, ते पहिल्याच महिन्यात. दीर्घ कर्जाचे वर्षाचे ४० चार हप्त्यांत, म्हणून या काळात १०. बँकेचं १२० चं अल्पमुदत कर्ज पंचाहत्तराव्या दिवशी संपतं. कच्चा माल पुरेसा असल्यामुळे नव्या खरेदीचे पैसे नव्वद दिवसांनंतर जातील.

या यादीत एक गोष्ट नाही, आणि ती ताळेबंदात कुठेच सापडणार नाही: पुढच्या तीन महिन्यांचे पगार, वीज, भाडं. ताळेबंद एका तारखेचा असतो, त्या तारखेनंतर होणारा खर्च त्यात येत नाही. तो काढण्यासाठी नफा-तोटा पत्रकातले कर्मचारी खर्च आणि इतर खर्च घ्या, घसारा वगळा (त्याचा पैसा बाहेर जात नाही), मालाच्या खर्चात आधीच मोजलेला भाग दोनदा धरू नका. आपल्या कंपनीत हा आकडा महिन्याला २५ येतो.

पायरी ६: महिन्यांचं कोष्टक मांडा

| | ० ते ३० दिवस | ३१ ते ६० | ६१ ते ९० |
|---|---|---|---|
| मोकळी रोख | ४० | | |
| मोडलेल्या ठेवी | ६० | | |
| येण्यांची वसुली | ७० | ६५ | ५० |
| साठ्यातून | | | ६० |
| आत | १७० | ६५ | ११० |
| पुरवठादार | ९० | ८० | ६० |
| थकलेले कर, पगार | ५० | | |
| चालू खर्च | २५ | २५ | २५ |
| कर्जाचा हप्ता | | | १० |
| अल्पमुदत कर्ज | | | १२० |
| बाहेर | १६५ | १०५ | २१५ |
| साचत गेलेली शिल्लक | +५ | −३५ | −१४० |

१.९२ करंट रेशो असलेल्या कंपनीला तिसऱ्या महिन्याअखेर १४० लाख कमी पडतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट मधल्या रकान्यात आहे. बँकेचं कर्ज फेडायची वेळ अजून आलेलीसुद्धा नाही आणि दुसऱ्याच महिन्यात ३५ ची तूट पडली. नुसते नव्वद दिवसांचे एकूण आकडे घेतले असते तर सगळा दोष बँकेच्या १२० वर ढकलून आपण मोकळे झालो असतो. बँकेने कर्जाची मुदत वाढवून दिली तरी २० ची तूट उरतेच.

टिपांमध्ये आणखी एक आकडा शोधा: मंजूर पण न उचललेली कर्जमर्यादा. इथे ती ५० आहे. ती उचलली तर दुसरा महिना निभतो, १५ शिल्लक राहते. मुदतवाढही मिळाली तर तिसऱ्या महिन्याअखेर ३० उरतात. दोन्हींपैकी मुदतवाढ हुकली तर मात्र ५० ची मर्यादा संपवूनही ९० कमीच पडतात. म्हणजे या कंपनीची तरलता तिच्या मालमत्तेत कमी आणि बँकेच्या एका सहीत जास्त आहे.

पायरी ७: ती सही कशावर अडू शकते ते पाहा

न उचललेली मर्यादा रोखीसारखी दिसते, पण तिला अटी असतात, आणि त्या अटी नेमक्या कंपनी अडचणीत आल्यावरच मोडतात. समजा, आपल्या कंपनीच्या दीर्घ कर्जाचे या वर्षानंतर फेडायचे १६० लाख शिल्लक आहेत, आणि वर्षअखेरीला कर्जाची एखादी अट मोडलेली होती, जिच्यामुळे सावकाराला सगळी रक्कम ताबडतोब मागता येते. आयएएस १ प्रमाणे मग तो पूर्ण १६० चालू देण्यांत जातो. देणी ४८० वरून ६४०, आणि रेशो १.९२ वरून १.४४. एक कवडीही इकडची तिकडे झालेली नसते. त्यातच अट "करंट रेशो दीडच्या वर ठेवा" अशी असेल तर एका अटीच्या भंगाने दुसरीही मोडली! १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार, बिगरचालू म्हणून दाखवलेल्या ज्या कर्जांच्या अटी पुढच्या बारा महिन्यांत पाळायच्या आहेत, त्यांची माहिती टिपांत द्यावी लागते. ती टीप मी आता ताळेबंदाआधी वाचतो.

पायरी ८: ती एक तारीख खोटं बोलत नाही ना

शेवटी कंपनीच्या वर्षअखेरच्या आकड्याची वर्षभराच्या सरासरीशी तुलना करा. ब्रिटनमधली कॅरिलियन ही मोठी बांधकाम आणि सेवा कंपनी जानेवारी २०१८ मध्ये कोसळली. तिच्या २०१६ च्या अहवालात वर्षअखेरचं निव्वळ कर्ज सुमारे २१.९ कोटी पाउंड होतं, आणि वर्षभराची सरासरी सुमारे ५८.७ कोटी. दोन्ही आकडे छापलेले होते. म्हणजे वर्षातला बराच काळ कंपनी ताळेबंदात दिसते त्याच्या अडीचपटीहून अधिक कर्जात असायची. कोसळली तेव्हा तिच्याकडे फक्त २.९ कोटी पाउंड रोख उरली होती.

सगळ्या कंपन्या सरासरी छापत नाहीत. मग व्याजखर्चाकडे वळा. आपल्या पंपवाल्या कंपनीचं दीर्घ आणि अल्पमुदतीचं सगळं कर्ज वर्षअखेरीला ३२० आहे: १२० अल्पमुदत, ४० या वर्षीचा भाग, १६० पुढचं. व्याजाचा दर टिपांत १० टक्के दिलाय आणि नफा-तोटा पत्रकात व्याज ४६. दहा टक्क्यांनी ४६ व्याज भरायला वर्षभर सरासरी ४६० कर्ज असावं लागतं. मधले १४० वर्षअखेरीला कुठे गेले? काही वेळा उत्तर साधं असतं, हंगामी धंदा असतो, मधल्या महिन्यांत माल भरावा लागतो. तसं असेल तर सहामाही अहवालातली साठ्याची आणि कर्जाची पातळी ते दाखवते. ती तसं दाखवत नसेल, तर वर्षअखेरीच्या आठवड्यात कुठली येणी सवलत देऊन वसूल केली, कुठली वित्तसंस्थेला विकली आणि कुठल्या पुरवठादाराला महिनाभर थांबवलं, हे प्रश्न व्यवस्थापनाला लेखी विचारायचे. माझ्या त्या पहिल्या फाइलीत साहेबांनी असाच हिशेब मांडला होता, आणि तिथे फरक येण्यांत निघाला: अखेरच्या दहा दिवसांत मोठ्या सवलतीवर झालेली वसुली, आणि पुढच्या तिमाहीत वसूल करायला फारसं काही उरलेलंच नव्हतं.